गोपनीय फाइल मेलवर पाठवण्याबद्दल ऑफिसात सूचना काढायची आहे. कडक हवी, पण कुणाला टोचायला नको

कढीलिंब | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. थोडी मदत हवी आहे, भाषेची जास्त आणि तांत्रिक कमी (असं मला वाटतंय).

मी चाकणजवळच्या एका छोट्या कंपनीत एचआर आणि अ‍ॅडमिन दोन्ही बघते. एकूण ८५ माणसं. ६३ इथे आणि २२ शिरवळच्या युनिटला. मागच्या आठवड्यात शिरवळच्या लोकांचं इन्क्रिमेंट शीट तिथल्या युनिट हेडना पाठवायचं होतं. मी दुसऱ्या कामात होते, म्हणून अकाउंट्समधल्या मुलाला म्हटलं, ही फाइल पाठवून दे. त्याने आउटलुकमध्ये नावाची पहिली तीन अक्षरं टाकली, खाली जे पहिलं नाव आलं ते निवडलं आणि पाठवलं. ते नाव निघालं आमच्या एका सप्लायरचं. दोघांचं पहिलं नाव एकच.

मुलाच्या दहा मिनिटांत लक्षात आलं. त्याने Recall केलं. सप्लायर सज्जन, त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की चुकून आलंय, मी डिलीट करतो. तसं म्हटलं तर निभावलं. पण साहेब म्हणाले सगळ्यांना एक सूचना काढ, आणि जरा कडक काढ. मी लिहिलेला मसुदा असा:

> सर्व कर्मचाऱ्यांस कळविण्यात येते की, काही कर्मचाऱ्यांकडून गोपनीय फाइल ईमेलद्वारे पाठवताना वारंवार निष्काळजीपणा होत असल्याचे व्यवस्थापनाच्या निदर्शनास आले आहे. कृपया यापुढे सर्वांनी शक्यतो काळजी घ्यावी. असे प्रकार पुन्हा आढळल्यास संबंधितांवर कठोर कारवाई करण्यात येईल.

वाचून मलाच कसंतरी झालं. तो मुलगा चांगला आहे, आठवडाभर मान खाली घालून बसलाय. नोटीस लागली की सगळे त्याच्याकडेच बघणार. काय करू?

---

दीडदमडी | सोमवार, रात्री १०.०५

मसुदा मिळमिळीत आहे. कायद्याचा धाक दाखवा, बघा कसे सरळ होतात. डेटा प्रोटेक्शनचा नवा कायदा आलाय, २५० कोटी रुपये दंड आहे. ठळक अक्षरात लिहा: "एक चुकीचा मेल = २५० कोटी". मी तर आमच्या ग्रुपवर हेच टाकलं होतं.

---

बोरकूट | सोमवार, रात्री १०.२०

चांगला विषय काढलात. माझ्या मुलाने बंगळुरूला घरमालकाला मेलवर आधार पाठवलं, सरळ पूर्ण नंबर दिसणारं. आता काय करता येईल? ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणे, मग तो असताना भीती कशाची?

---

अनुस्वार | सोमवार, रात्री १०.५२

कढीलिंबताई, तेहतीस वर्षं परिपत्रकं तपासण्यात गेली, म्हणून भाषेपुरतं बोलतो. तांत्रिक बाजू जाणकार सांगतील.

तुमच्या मसुद्यात गंमत अशी आहे की तो एकाच वेळी टोचराही आहे आणि ढिलाही. टोचतात ते शब्द: "काही कर्मचाऱ्यांकडून", "वारंवार", "निदर्शनास आले आहे". "काही" वाचलं की प्रत्येक जण शेजारच्याकडे बघतो. आणि "वारंवार" तर खरंही नाही, एकदाच झालंय. "निदर्शनास आले" ही सरकारी भाषेतली चौकशीची पायरी. पुढचा शब्द "खुलासा" असणार हे वाचणाऱ्याला पाठ असतं.

ढिलाई कुठे, तर "कृपया" आणि "शक्यतो". "शक्यतो काळजी घ्यावी" म्हणजे शक्य नसेल तर नाही घेतली तरी चालेल. काळजी घ्यावी म्हणजे नेमकं करावं काय, तेही कुठे नाही. माणूस पाठवण्याच्या बटणावर बोट ठेवून बसलाय, त्या क्षणी "काळजी" या शब्दाचा त्याला काडीचा उपयोग नाही.

मराठीत कडकपणासाठी आवाज चढवावा लागत नाही, विध्यर्थ आहे की आपल्याकडे. "पगाराची फाइल पासवर्डशिवाय पाठवू नये." यात कर्ताच नाही. बोट कुणाकडेच जात नाही, आणि पळवाटही नाही. जिथे सगळ्यांनी मिळून करायचंय तिथे "आपण" वापरा. "तुम्ही" म्हटलं की लिहिणारा वेगळा उभा राहतो.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १.१५

सिस्टिम्स अ‍ॅडमिन आहे, म्हणून या वेळी जागा. भाषेचं अनुस्वार यांनी सांगितलंच आहे. मला दुसरीच शंका येतेय.

तुम्ही म्हणता ८५ माणसं, आणि शिरवळची २२. त्या २२ जणांची फाइल वेगळी बनवली होती, की सगळ्यांच्या शीटला युनिटचा फिल्टर लावून सेव्ह केली होती?

आणि Recall बद्दल: ते फक्त पाठवणारा आणि घेणारा एकाच संस्थेच्या सर्व्हरवर असतील तरच चालतं. सप्लायरचा पत्ता जीमेलचा असेल तर मेल परत येत नाही. उलट त्याला आणखी एक मेल जातो, की अमुक व्यक्ती आधीचा मेल मागे घेऊ इच्छिते. ज्याने पहिला मेल उघडला नसता तोही मग कुतूहलाने उघडतो.

---

कढीलिंब | मंगळवार, सकाळी ८.३०

रात्रपाळी, हो, सप्लायरने फोनवर अगदी हेच सांगितलं! "मॅडम, तो दुसरा मेल आला म्हणून मी पहिला उघडून बघितला."

फाइलचं म्हणाल तर फिल्टर लावलेला होता. पण शीटला पासवर्ड आहे. Protect Sheet केलेलं असतं मी नेहमी, म्हणजे फिल्टर काढताच येत नाही. मी स्वतः करून पाहिलं. त्यामुळे त्यांना २२ ओळीच दिसल्या असणार.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २.१० (आत्ता उठलो)

इथेच घोळ आहे, आणि तुमच्या एकटीचा नाही. मी पाहिलेल्या निम्म्या ऑफिसांत हाच समज असतो.

Protect Sheet हे कुलूप नव्हे, "हिरवळीवर चालू नये" अशी पाटी आहे. घरं कुणी चुकून बदलू नयेत म्हणून केलेली सोय. फाइलमधला मजकूर त्याने लपत नाही. घरी करून बघा. एक कोरं वर्कबुक उघडा, त्यात `=` टाइप करा, तुमच्या त्या शीटच्या पहिल्या घरावर क्लिक करा, फॉर्म्युल्यातली डॉलरची चिन्हं काढा आणि खाली, मग उजवीकडे ओढा. फिल्टरने लपवलेल्या ओळीही नव्या वर्कबुकात येऊन बसतील. पासवर्ड कुणी विचारणारसुद्धा नाही.

म्हणजे सप्लायरकडे २२ जणांची नाही, ८५ जणांची माहिती गेली. त्यांनी पाहिली नसेल, मान्य. पण गेली.

खरं कुलूप दुसरीकडे असतं: `File > Info > Protect Workbook > Encrypt with Password`. हे केलं की फाइल उघडतानाच पासवर्ड मागते आणि आतला मजकूर खरोखर एन्क्रिप्ट होतो. मात्र तो पासवर्ड विसरलात तर मायक्रोसॉफ्टकडेही तो काढून द्यायची सोय नाही, त्यामुळे मूळ फाइल तुमच्या सर्व्हरवर असू द्या आणि पाठवायच्या प्रतीलाच पासवर्ड लावा.

---

कढीलिंब | मंगळवार, संध्याकाळी ७.४५

केलं. सगळ्या ८५ ओळी आल्या. नाव, पॅन, बँक खातं, जुना बेसिक, नवा बेसिक.

आणि अजून एक. ती फाइल मी बनवली होती, फिल्टरही मीच लावला होता. त्या मुलाने फक्त पाठवली. आणि शिरवळच्या युनिट हेडना मी गेली दोन वर्षं अशीच शीट्स पाठवतेय. म्हणजे इथल्या ६३ जणांचे पगार दोन वर्षं त्यांच्या मेलबॉक्समध्ये पडून आहेत, पत्ता बरोबर असताना.

मघाशी मसुद्यात "काही कर्मचाऱ्यांकडून" लिहिलं होतं. ते "काही कर्मचारी" म्हणजे मीच.

---

ओवी_टेम्सकाठची | मंगळवार, रात्री ११.३०

कढीलिंब, मनाला लावून घेऊ नका, याहून मोठ्या लोकांचं याहून मोठं झालंय. मी लंडनला असते, इथे हे प्रकरण खूप गाजलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्यातल्या एकाने अफगाणिस्तानातून आसरा मागणाऱ्यांची एक शीट ईमेलने पाठवली. त्याला वाटलं आपण दीडशे-एक जणांची नावं पाठवतोय. प्रत्यक्षात फाइलमध्ये अठरा हजारांहून जास्त अर्जदारांची माहिती होती. तालिबानच्या हाती पडली तर जिवावर बेतेल अशी नावं. कोर्टाच्या आदेशाने बातमी दाबून ठेवली होती, जुलै २०२५ मध्ये जगाला कळलं.

त्याच खात्याला त्याआधीच्या, २०२१ मधल्या प्रकरणात साडेतीन लाख पौंड दंड झाला होता. ते तर त्याहून साधं होतं. अफगाण लोकांना एकत्र पाठवलेल्या मेलमध्ये सगळ्यांचे पत्ते बीसीसीऐवजी वर, सर्वांना दिसतील असे टाकले होते.

---

दीडदमडी | मंगळवार, रात्री ११.४१

बघा! दंड होतोच. मी काय म्हणत होतो? २५० कोटी.

---

शेवंती_शेवगाव | बुधवार, सकाळी ७.०५

दीडदमडी, अर्धं बरोबर आहे तुमचं. मी कंपन्यांच्या कम्प्लायन्सचं काम करते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी हा आकडा आहे, पण ती वरची मर्यादा आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल जास्तीत जास्त एवढा. आणि तो माहिती सांभाळणाऱ्या संस्थेला होतो, मेल पाठवणाऱ्या कारकुनाला नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत दिली आहे.

तेव्हा "एक चुकीचा मेल = २५० कोटी" हे खरं नाही, आणि वाचणाऱ्याने खरं मानलं तर जास्तच वाईट. ज्याला वाटतंय की आपल्यामुळे कंपनी बुडेल, तो चूक झाल्यावर सांगायला येईल का? गुपचूप सेंट आयटममधून डिलीट करून टाकेल. या कायद्यात चुकून झालेला खुलासाही माहितीचा भंगच धरला आहे, आणि कंपनीला तो माहिती संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती गेली त्यांनाही कळवावा लागणार आहे. म्हणजे कंपनीला सगळ्यात जास्त गरज आहे ती ताबडतोब कळण्याची. कढीलिंब, तुमच्या अकाउंट्समधल्या मुलाने दहा मिनिटांत सांगितलं, ही तुमच्या गोष्टीतली सगळ्यात चांगली घटना आहे. "कठोर कारवाई" लिहिलंत तर पुढच्या वेळी ती घडणार नाही.

---

भरड_दळण | बुधवार, सकाळी ९.५०

मी शॉप फ्लोअरवरचा माणूस, ऑफिसातला नाही. एक विचारू का? त्या ८५ जणांना कुणी सांगणार आहे की नाही? त्यांचा बँक खाते नंबर आणि पगार बाहेर गेला. नोटीस ऑफिसातल्यांना. ज्यांचं गेलं त्यांना काय?

---

कढीलिंब | बुधवार, दुपारी १.२०

भरड_दळण, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. साहेबांसमोर काढलं, ते म्हणाले सप्लायरने डिलीट केलंय, विषय कशाला वाढवायचा. मला पटलेलं नाही. शेवंतीताईंचं म्हणणं त्यांना प्रिंट काढून दिलंय. बघू.

---

अनुस्वार | बुधवार, दुपारी ३.००

भरड_दळण यांचा प्रश्न रास्त आहे आणि तो या सूचनेने सुटणार नाही. ती दोन वेगळी पत्रं आहेत. एकात मिसळलीत तर दोन्ही बिघडतील.

---

बोरकूट | बुधवार, दुपारी ३.२५

माझ्या आधारचं कुणी बघितलंच नाही.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी ४.४०

बोरकूटकाका, ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. ज्याच्याकडे तुमच्या मुलाचं नाव आणि अंदाजे वय आहे त्याला तो चार-पाच प्रयत्नांत सापडतो, आणि घरमालकाला तर उघडायला म्हणून मुलानेच सांगितला असेल. पुढच्या वेळी युआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढायला सांगा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. गेलेलं गेलं.

पण काकांच्या प्रश्नामुळे मूळ विषयातली एक गोष्ट निघाली. बऱ्याच ऑफिसांत पगाराच्या फाइलला पासवर्ड म्हणून पॅन किंवा जन्मतारीख ठेवतात, म्हणजे कुणाला वेगळा कळवायला नको. पगारपत्रक ज्याचं त्याला पाठवताना, बाहेरच्या माणसापुरतं ते चालून जातं. पण ऑफिसात प्रत्येकाचा पॅन ज्या चार जणांना माहीत असतो, त्यांच्यापासून त्याने काहीच लपत नाही. आणि इन्क्रिमेंट शीटसारख्या सगळ्यांच्या एकत्र फाइलला असला पासवर्ड अजिबात नको.

दुसरी सवय म्हणजे फाइल जोडायची आणि त्याच मेलच्या खाली "पासवर्ड: अमुक" लिहायचं. किंवा दोन मिनिटांनी त्याच पत्त्यावर दुसरा मेल टाकायचा. पत्ता चुकला असेल तर दोन्ही मेल त्याच चुकीच्या माणसाकडे जाणार. कढीलिंब यांच्या बाबतीत फाइलला खरा पासवर्ड असता आणि तो युनिट हेडना फोनवर सांगितला असता, तर सप्लायरकडे नुसती बंद डबी गेली असती. किल्ली वेगळ्या रस्त्याने जाते यातच पासवर्डचं सगळं काम आहे.

यातही एक अडचण येते, ती आधी सांगतो. पासवर्ड लावलेली फाइल समोरच्याच्या मेल सर्व्हरला आतून तपासता येत नाही, म्हणून काही ठिकाणी ती अडवली जाते, विशेषतः झिप असेल तर. फाइल पोचली का हे फोनवर विचाराच. त्याच फोनमध्ये पासवर्ड सांगून होतो.

---

कढीलिंब | बुधवार, रात्री ९.१५

रात्रपाळी, मग फिल्टरचं काय करू? दर वेळी ६३ ओळी हाताने डिलीट करायच्या? मागे एकदा सेव्ह अ‍ॅज न करता डिलीट केल्या होत्या, मूळ शीटच गेली होती. तेव्हापासून फिल्टर लावते.

---

रात्रपाळी | गुरुवार, रात्री १२.४०

डिलीट करूच नका. फिल्टर लावा, दिसतायत त्या ओळी निवडा, `Alt + ;` दाबा म्हणजे फक्त दिसणारी घरंच निवडली जातील, मग कॉपी करा. नवीन कोरं वर्कबुक उघडा आणि `Paste Special > Values` करा. हीच नवी फाइल पाठवायची. त्यात लपलेलं काही येत नाही, कारण त्यात मुळात तेवढंच आहे. फॉर्म्युलेही जात नाहीत, त्यामुळे दुसऱ्या शीटकडे जाणारे धागेही तुटतात.

`Alt + ;` का, तर फिल्टरने लपलेल्या ओळी एक्सेल कॉपी करताना वगळतं, पण हाताने Hide केलेल्या ओळी आणि कॉलम बिनबोभाट बरोबर घेऊन जातं. कुठलं कसं लपवलंय हे सहा महिन्यांनी कुणाला आठवतं?

आपल्याकडे आलेली फाइल अशी आहे का, हे एका नजरेत कळतं. डावीकडचे ओळींचे आकडे निळे दिसले आणि मध्येच उड्या मारत असले (२, ७, ८, १५...), तर फिल्टर आहे. फिल्टर लावल्या लावल्या खाली डाव्या कोपऱ्यात `22 of 85 records found` असंही येतं. आकडे काळेच असून उड्या मारत असतील, तर ओळी हाताने लपवल्यात.

आणखी एक, मग झोपतो. नाही, मग कामाला लागतो. पिव्हट टेबल. "मी कुणाचं नाव पाठवलंच नाही, फक्त विभागवार बेरजा पाठवल्या" असं म्हणणारे खूप भेटतात. त्या बेरजेच्या घरावर डबल क्लिक करा. एक नवीन शीट उघडतं आणि त्या बेरजेमागची प्रत्येक ओळ नावासकट समोर येते. पिव्हट आपल्या पोटात मूळ माहितीची प्रत घेऊनच फिरत असतो, मूळ शीट काढून टाकलं तरी. तिथेही उपाय तोच, Values म्हणून नव्या वर्कबुकात.

---

ओवी_टेम्सकाठची | गुरुवार, रात्री १.०५

पिव्हटचं आत्ता माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर करून पाहिलं. बाई गं. उद्या सकाळी तीन जणांना फोन करायचेत.

---

शेवंती_शेवगाव | गुरुवार, सकाळी ८.१५

फाइल जोडण्यापेक्षा वनड्राइव्हची लिंक बरी, असं मी सगळ्यांना सांगते. लिंक देताना `Specific people` निवडलं की दुसऱ्याच्या हाती पडली तरी उघडत नाही, आणि चूक लक्षात आली की परवानगी काढून घेता येते. जोडलेली फाइल मागे घेता येत नाही. अर्थात कुणी उतरवून घेतली तर ती गेलीच.

---

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी २.३०

पटतं, पण एक पाहिलंय. घाईत लोक `Anyone with the link` ठेवतात, कारण समोरचा फोन करतो की "उघडत नाहीये हो". मग ती लिंक फिरत राहते आणि ती कुणाकुणाकडे गेली याचा हिशोबही राहत नाही. ८५ माणसांच्या कंपनीत, जिथे निम्म्यांना लिंक उघडायची सवय नाही, तिथे मी आधी पासवर्ड आणि फोन यावरच भर देईन. यावर आपलं एकमत व्हायची गरज नाही.

पत्त्याच्या चुकीला मात्र दोन स्वस्त उपाय आहेत. नाव टाइप करताना आउटलुक जी यादी दाखवतं, त्यात नको त्या नावापुढच्या फुलीवर क्लिक केलं की ते नाव सुचवणं बंद होतं. सप्लायरचं नाव आजच तिथून काढा. दुसरं, जुन्या आउटलुकमध्ये नियम करता येतो, `defer delivery by a number of minutes`. पाच मिनिटं ठेवा. मेल तेवढा वेळ आउटबॉक्समध्ये थांबतो, आणि चूक बहुतेक वेळा पाठवल्यानंतरच्या पहिल्या मिनिटातच सुचते. आउटलुक तेवढा वेळ चालू ठेवायला हवं. जीमेलमध्ये Undo Send जास्तीत जास्त तीस सेकंदांचं मिळतं.

---

कढीलिंब | गुरुवार, रात्री १०.३०

सगळं वाचून पुन्हा लिहिलंय. साहेबांना दाखवलं, त्यांनी एकच वाक्य बदललं.

> विषय: पगार, बँक आणि ओळखीची माहिती ईमेलने पाठवण्याबाबत
>
> मागच्या आठवड्यात पगाराची एक फाइल चुकीच्या पत्त्यावर गेली. ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं, त्यामुळे लगेच पावलं उचलता आली. फाइल तपासताना असंही दिसलं की फिल्टरने लपवलेली इतरांची माहितीही तीत होती. ती फाइल एचआर विभागात, म्हणजे मी तयार केली होती. आपल्या कामाच्या पद्धतीतच ही त्रुटी होती. ती सोमवारपासून अशी बदलत आहोत:
>
> पगार, बँक खातं, पॅन, आधार, तसंच ग्राहकांची ड्रॉइंग आणि दर असलेली कोणतीही फाइल ऑफिसबाहेर किंवा दुसऱ्या युनिटला पासवर्डशिवाय पाठवू नये. पासवर्ड `Encrypt with Password` मधून लावावा. Protect Sheet हा पासवर्ड धरला जाणार नाही. पासवर्ड फोनवरच सांगावा, मेलमध्ये लिहू नये.
>
> मोठ्या शीटमधला भाग पाठवताना फिल्टर लावलेली किंवा पिव्हट असलेली फाइल पाठवू नये. हवा तेवढा भाग नवीन वर्कबुकात Values म्हणून घ्यावा. कसं करायचं ते मी शुक्रवारी चार वाजता मीटिंग रूममध्ये दाखवणार आहे. मलाही ते याच आठवड्यात कळलं.
>
> पाठवण्यापूर्वी नाव नव्हे, पूर्ण ईमेल पत्ता वाचावा.
>
> फाइल चुकीच्या ठिकाणी गेली असं वाटलं तर Recall करू नये आणि समोरच्याला मेलही करू नये. मला त्याच क्षणी फोन करावा, रात्री असला तरी. चूक लगेच कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही. माहीत असून लपवल्यास मात्र ती गंभीर बाब मानली जाईल.

शेवटचं वाक्य साहेबांचं.

---

अनुस्वार | शुक्रवार, सकाळी ६.५०

उत्तम. एकच दुरुस्ती, "त्रुटी होती" ऐवजी "उणीव होती" म्हणा, "त्रुटी" ऑडिटवाल्यांचा शब्द आहे. साहेबांच्या वाक्याला माझी हरकत नाही. ते चुकीबद्दल नाही, लपवण्याबद्दल आहे, आणि तिथे कडक असायलाच हवं.

"मी तयार केली होती" हे ठेवा. साहेबांनी सांगितलं तरी काढू नका.

---

दीडदमडी | शुक्रवार, सकाळी ९.००

तरी २५० कोटींचा कुठे उल्लेख हवा होता.

---

कढीलिंब | पुढचा मंगळवार, रात्री ८.५५

अपडेट देते. शुक्रवारी बारा जण येतील वाटलं होतं, सव्वीस आले. पिव्हटवर डबल क्लिक केलं तेव्हा परचेसवाल्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो इथे लिहिता येणार नाही. अकाउंट्समधला मुलगा प्रोजेक्टर लावायला पुढे आला, आणि `Alt + ;` सगळ्यांना त्यानेच शिकवलं.

शिरवळच्या युनिट हेडना फोन करून दोन वर्षांची शीट्स काढून टाकायला सांगितली. ते म्हणाले, "कोणती लपलेली माहिती? मला माहीतच नव्हतं." खरं असावं.

आज दोन फोन आले. एक स्टोअर्समधून, जानेवारीतल्या एका रेट शीटबद्दल, ते ग्राहकाकडे फिल्टर लावून गेलंय आणि त्यात बाकी ग्राहकांचे दरही आहेत. दुसरा फोन वॉचमन काकांचा, त्यांनी मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी कुणाला तरी बँक पासबुकाचा फोटो पाठवलाय, तो चालतो का.

भरड_दळण, ८५ जणांना पत्र द्यायचं साहेबांनी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलंय. मी तारीख लिहून ठेवली आहे.

---

भरड_दळण | पुढचा मंगळवार, रात्री ९.४०

ठीक. पण आमच्याकडे सुपरवायझर हजेरी आणि ओव्हरटाइमचं शीट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, ग्रुपमध्ये. त्यात सगळ्यांचे खाते नंबर असतात. तुमच्या नोटीसमध्ये नुसतं ईमेल लिहिलंय.

---

कढीलिंब | पुढचा मंगळवार, रात्री ९.४८

अरे देवा. आमच्याकडेही आहे तो ग्रुप.